ऑडिटर नकोसा झाल्यास संचालकांनी काय करावे

आपली लातूरच्या एमआयडीसीत डाळमिल आहे, कंपनी खाजगी मर्यादित आहे, भरणा झालेले भांडवल दोन कोटींचे आहे आणि बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा अठरा कोटींची आहे, असे आपण धरून चालू. ३० सप्टेंबर २०२३ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण गावातलाच एक सनदी लेखापाल पाच वर्षांसाठी, म्हणजे २०२८ ची वार्षिक सभा संपेपर्यंत, नेमला. माणूस सरळ वाटला होता आणि पुढे तोच त्याचा दोष ठरला. ३१ मार्च २०२५ रोजी तो स्वतः गोदामात उभा राहिला आणि बँकेला दिलेल्या साठापत्रकात सहा हजार क्विंटल तूर असताना त्याला चार हजार एकशेच क्विंटल सापडली. उरलेले एकोणीसशे क्विंटल मोंढ्यात आडत्याकडे आहेत असे आपण सांगितले, तेव्हा त्याने आडत्याचे लेखी पत्र मागितले. असा माणूस बदललाच पाहिजे, याबद्दल आपल्या घरात दुमत नाही.

सर्वांत सोपा मार्ग सर्वप्रथम सुचतो, तो म्हणजे संचालक मंडळाची बैठक घ्यावी, चहा मागवावा आणि ठराव करून त्याला काढून टाकावे. सीएच्या परीक्षेत हाच प्रश्न नावे बदलून पुन्हा पुन्हा येतो, आणि ‘मंडळाने ऑडिटरला हटवले, योग्य की अयोग्य ते सांगा’ एवढे वाचताच विद्यार्थी ‘अयोग्य’ लिहून गुण घेतात. आपण मात्र व्यवहारातले माणूस आहात, विद्यार्थ्यांचे ऐकू नये. कंपनी कायद्याचे कलम १४० म्हणते की मुदतीपूर्वी ऑडिटरला हटवायचे असेल तर आधी केंद्र सरकारची परवानगी आणि नंतर सभासदांचा विशेष ठराव हवा. ही परवानगी व्यवहारात प्रादेशिक संचालकांकडे मागावी लागते आणि मंडळाच्या ठरावापासून तीस दिवसांत एडीटी-२ हा अर्ज भरावा लागतो. आपण १ जुलै २०२५ रोजी ठराव केला तर ३१ जुलैपर्यंत अर्ज जायला हवा. त्यात हटवण्याचे कारण लिहायचे असते. ‘त्याने पोती मोजली’ हे कारण आपण कोणत्या सुंदर शब्दांत मांडाल, याचा विचार वकिलावर सोडावा.

अर्ज गेल्यावर आपण निश्चिंत राहावे, कारण ऑडिटरला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी कायद्यानेच दिलेली आहे आणि तो ती संधी घेणार. जे त्याने आजवर फक्त आपल्या केबिनमध्ये दबक्या आवाजात सांगितले होते, ते आता तो सरकारी अधिकाऱ्यापुढे, लेखी, आकड्यांसह मांडेल. समजा परवानगी १० ऑक्टोबरला हाती आली. त्यानंतर साठ दिवसांत, म्हणजे ९ डिसेंबरपर्यंत, सर्वसाधारण सभा घेऊन विशेष ठराव मंजूर करायचा आहे. पण २०२४-२५ ची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची होती आणि ठराव होईपर्यंत पदावर तोच माणूस आहे. त्यामुळे ज्या अहवालावर त्याची सही नको म्हणून हा सारा खटाटोप केला, त्या अहवालावर त्याची सही आधीच होऊन गेलेली असेल, एकोणीसशे क्विंटलांच्या परिच्छेदासह. या बारीक गोष्टीकडे बहुतेक संचालकांचे लक्ष जात नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगितली.

विशेष ठरावाबाबतही थोडे गणित करून ठेवावे. बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात. आपल्या कुटुंबाकडे सत्तर टक्के भाग आहेत आणि गेल्या वाटणीपासून आपल्याशी न बोलणाऱ्या चुलतभावाकडे तीस टक्के आहेत. तिसाची तिप्पट नव्वद होते आणि आपण सत्तरवर थांबता. चुलतभाऊ सभेला न आल्यास ठराव बिनविरोध मंजूर होईल, हे खरे आहे. परंतु एकवीस दिवसांची नोटीस त्यालाही पाठवावी लागते, आणि तूर कुठे गेली हे जाणून घेण्याची त्याचीही फार दिवसांची इच्छा आहे.

काही अनुभवी मंडळी ‘दरवर्षी सभेत नेमणुकीला दुजोरा द्यायचा नाही, झाले काम’ असे सांगतात. त्यांचा अनुभव मे २०१८ पर्यंतचा आहे. दुजोऱ्याची ती अट त्या महिन्यात रद्द झाली. दुसरे काही जण ‘आम्ही रोटेशन करतो आहोत’ असे लिहा म्हणतात. शब्द भारदस्त आहे यात शंका नाही. मात्र खाजगी कंपनीला सक्तीची फेरपालट लागू व्हायला पन्नास कोटींचे भरणा झालेले भांडवल, किंवा पन्नास कोटींची बँकांची कर्जे वा ठेवी लागतात. शिवाय ती मुदत संपल्यावर येते. एका माणसासाठी पाच वर्षांनी आणि फर्मसाठी दहा वर्षांनी. आपले दोन कोटी आणि अठरा कोटी मिळून एवढे मोठे निमित्त उभे राहत नाही.

तेव्हा आपल्या भागात जी पद्धत खरोखर चालते तीच वापरावी. त्याला हटवू नये, त्याच्याकडून राजीनामा घ्यावा. त्यासाठी त्याची फी अडवावी. मोबदला सर्वसाधारण सभेने, किंवा सभा ठरवील त्या रीतीने, ठरवायचा असतो हे कलम १४२ मध्ये असले तरी तो द्यायचा कधी, हे आपल्या मुनिमाकडे असते. ‘अहवाल बघून देऊ’ असा निरोप दोनदा गेला की स्वाभिमानी माणूस राजीनामा देतो.

राजीनामा आला की आनंद करण्यापूर्वी एडीटी-३ वाचावा. राजीनाम्यापासून तीस दिवसांत हा अर्ज ऑडिटरनेच भरायचा असतो आणि त्यात राजीनाम्याची कारणे व संबंधित तथ्ये द्यायची असतात. न भरल्यास दंड त्याला आहे, म्हणून तो भरणारच. ‘वैयक्तिक कारण’ लिहा अशी गळ त्याला घालून पाहावी. ज्याने आडत्याचे पत्र मागितले, तो काय उत्तर देईल हे आपण जाणताच. हा कागद कंपनी निबंधकांकडे जातो आणि ठरावीक शुल्क भरून कोणालाही पाहता येतो. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाची फाइल चाळणारा बँकेचा अधिकारीही त्या ‘कोणालाही’मध्ये येतो.

नवा ऑडिटर आणणे त्यामानाने किरकोळ काम आहे. मंडळाने तीस दिवसांत नेमणूक करायची आणि जागा राजीनाम्याने रिकामी झाली असल्याने, मंडळाच्या शिफारशीपासून तीन महिन्यांत ती सभासदांकडून मंजूर करून घ्यायची. नव्या माणसाचे पद पुढची वार्षिक सभा संपेपर्यंतच असते. नांदेडचा किंवा परभणीचा एखादा तरुण सीए हौसेने होकार देईल, आणि मग आधीच्या ऑडिटरला पत्र लिहील. हे पत्र लिहिल्याशिवाय नेमणूक स्वीकारणे हे त्याच्या संस्थेच्या नियमांनुसार व्यावसायिक गैरवर्तन आहे. आपण त्याला ‘एनओसी’ म्हणतो. खरे तर जुन्या माणसाला नकाराधिकार नसतो, पण का सोडले हे सांगण्याची मुभा असते.

त्यात दुसरी एक अडचण आहे. वैधानिक लेखापरीक्षणाची निर्विवाद फी थकलेली असेल तर नव्या ऑडिटरने काम स्वीकारू नये, असा त्यांच्या परिषदेचा नियम आहे. फीबद्दल आमचा वाद आहे, असे आपण म्हणाल. परंतु २०२३-२४ च्या ताळेबंदात ‘ऑडिट फी देय, दीड लाख’ अशी तरतूद आहे, तिच्यावर आपली आणि ऑडिटरची दोघांची सही आहे, आणि अशी तरतूद त्या नियमाप्रमाणे निर्विवाद समजली जाते. म्हणजे ज्या दीड लाखांच्या जोरावर राजीनामा काढून घेतला, तेच दीड लाख दिल्याखेरीज नवा माणूस बसत नाही. पैसे आरटीजीएसने पाठवावेत, पावती जपून ठेवावी आणि नव्या ऑडिटरला गोदामाची चावी देताना आडत्याचे पत्रही सोबत द्यावे, कारण पहिल्याच दिवशी तो तेच मागणार आहे.