प्रतिक्रियेला उत्तर: गळती की कंडिशनिंग?

वाचकाची प्रतिक्रिया: "ताई, लेख वाचला पण पटला नाही. अमेरिकेत पहिल्यांदा विचारलेल्यांत बेरोजगारी ७.५ टक्के आणि शेवटच्या खेपेला विचारलेल्यांत ६.१, यावरून प्रश्न विचारून विचारून माणसं बदलली हे कसं काय सिद्ध होतं? कंटाळले ते सोडून गेले असतील, उरले ते घरदार-नोकरीवाले. याला गळती म्हणतात, पॅनल कंडिशनिंग नाही. पुरावा द्या, नाहीतर शीर्षक बदला."

दादा, शीर्षक बदलायचं की नाही ते शेवटी बघू, पण आधी कबूल करते की तुम्ही बरोब्बर दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. ते दोन आकडे मी लेखात शेजारी शेजारी ठेवले, त्याच त्या माणसांना परत परत विचारल्याने त्यांची उत्तरं बदलतात, म्हणजे पॅनल कंडिशनिंग, असं म्हटलं आणि सरळ पुढे गेले, तो घाईचा प्रकार झाला.

आधी हा सर्व्हे चालतो कसा ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. अमेरिकेतला बेरोजगारीचा दर ज्यावरून काढतात तो करंट पॉप्युलेशन सर्व्हे. यात एखादा पत्ता निवडला की त्या घराला सलग चार महिने विचारतात, मग आठ महिने सुट्टी, मग परत सलग चार महिने. म्हणजे एकूण आठ खेपा. आणि हे गट असे साखळीसारखे लावलेले असतात की कुठल्याही एका महिन्यात आठही प्रकारचे गट हजर असतात, कोणी पहिल्या खेपेचा, कोणी पाचव्या, कोणी आठव्या. प्रत्येक गट आपापल्या जागी अख्ख्या देशाचा नमुना, त्यामुळे एकाच महिन्यात आठही गटांचा दर साधारण सारखा यायला हवा, पण तो येत नाही. २०१४ च्या पहिल्या सहामाहीत पहिल्या खेपेचे ७.५, आठव्या खेपेचे ६.१ आणि सरकारने जाहीर केलेला दर ६.५. बार्बरा बेलर यांनी १९७५ मध्येच हा प्रकार नीट मांडला होता, म्हणजे कालपरवाचं खूळ नाही.

आता तुमची गळती. ती आहेच, आणि तुम्ही म्हणता त्यापेक्षा जास्त चिवट आहे, कारण हा सर्व्हे माणसाचा नाही, पत्त्याचा पाठलाग करतो. भाडेकरू घर सोडून गेला तर त्याच्या मागे कोणी जात नाही, त्या घरात जो नवीन राहायला येईल त्याला विचारतात. काम शोधत फिरणारी माणसं जास्त घरं बदलतात, हे तर तुम्हा-आम्हाला सांगायला नको. शिवाय क्रूगर, मास आणि नियू यांनी २०१७ मध्ये यावर पेपर काढला, त्यात सरळ म्हटलंय की १९९४ मध्ये प्रश्नावली बदलल्यापासून गटागटातला फरक वाढत गेला आणि त्या वाढीमागे उत्तर न देणाऱ्यांचं वाढतं प्रमाण हे मोठं कारण दिसतं. ज्या घरांनी आठही खेपा इमानदारीत उत्तरं दिली त्यांच्यात ही वाढ अगदी थोडी. आणि कॅनडाच्या अशाच सर्व्हेत त्यांना हा फरक सापडलाच नाही. म्हणजे परत परत विचारलं की बिघडणारच, असा काही निसर्गनियम नाही. हे माझ्या लेखात नव्हतं आणि असायला हवं होतं, घ्या, हा गुण तुमचा.

पण तो पेपर प्रामुख्याने फरक का वाढला ते शोधतो. फरक आहे त्यातला कंडिशनिंगचा वाटा किती, हा वेगळा प्रश्न, आणि तिथे तुमचं म्हणणं अपुरं पडतं. गळती आणि कंडिशनिंग वेगळं काढायची रीत तशी सोपी आहे. सोडून जाणाऱ्यांना दोन्ही बाजूंनी वगळायचं, त्याच त्या टिकून राहिलेल्या माणसांची आधीची आणि नंतरची उत्तरं ताडून बघायची, आणि त्याच कॅलेंडर महिन्यात पहिल्यांदाच विचारल्या गेलेल्या तशाच माणसांशी तुलना करायची, म्हणजे मंदी आली म्हणून बदल झाला की प्रश्नांमुळे, हेही सुटं होतं. हाल्पर्न-मॅनर्स आणि वॉरन यांनी २०१२ मध्ये या वाटेने जाऊन जानेवारी २००७ ते जून २०१० दरम्यान पहिली मुलाखत झालेल्या कुटुंबप्रमुखांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा निष्कर्ष असा की परिणाम ठळक आहे आणि तो गळतीच्या माथी मारता येत नाही. तुम्ही काढला नाहीत तो दुसरा मुद्दाही त्यांनी बघितला, की पहिली आणि पाचवी मुलाखत बहुतेक वेळा समोरासमोर होते आणि बाकीच्या बऱ्याचशा फोनवर. त्यानेही हा फरक पुसला जात नाही.

आणि खरी गंमत फरक कुठून येतो त्यात आहे. परत परत विचारलेली माणसं "मला नोकरी लागली" असं जास्त सांगत नव्हती. ती "मी आता काम शोधत नाही" असं सांगून हिशोबातूनच बाहेर पडत होती. समजा शंभर माणसं श्रमशक्तीत आहेत, ९३ कामावर, ७ शोधात. दर झाला ७ टक्के. आता त्या सातातल्या एकाने नुसतं "शोधत नाही" म्हटलं की उरले ९९ आणि शोधात ६, दर ६.०६. कोणाला काम मिळालं नाही, कोणाचं गेलं नाही, एका वाक्याने जवळजवळ एक टक्का गायब!

का म्हणतात तसं? ह्याचं उत्तर मला पेपरमधून कळायच्या आधी एका चाळीतल्या काकूंकडून कळलं. पूर्वी मी एका एजन्सीत (नाव नको) घरोघरी फिरायचे, त्याच त्या घरांत दर काही महिन्यांनी जायचं काम. आमच्या फॉर्मवर "घरात कोणी काम शोधतंय का" ला हो म्हटलं की पुढचं अख्खं पान उघडायचं, कधीपासून शोधतोय, कुठे अर्ज केला, कोणाला भेटला, पगार किती चालेल. पहिल्या खेपेला काकूंनी धाकट्या मुलाची सगळी कर्मकहाणी सांगितली, मध्ये चहा झाला, पाऊण तास गेला. दुसऱ्या खेपेला मी प्रश्न अर्धा वाचतेय तोवर "नाही गं, कोणी नाही, लिही नाही." मुलगा तिथेच पलंगावर मोबाईल बघत बसलेला, त्याने मान वर करून आईकडे बघितलं आणि परत खाली घातली. मी "नाही" असं लिहिलं. आणि खरं सांगू का, मलाही हायसं वाटलं, कारण अजून सहा घरं बाकी होती.

त्या एका "नाही" मध्ये किती गोष्टी होत्या बघा. एक तर त्यांना फॉर्मचा नकाशा पाठ झालेला, कुठल्या "हो" मागे पान लपलंय ते कळलेलं. दुसरं म्हणजे लाज. एकाच मुलीला परत परत "अजून बसलाय घरीच" सांगायला कोणाला आवडेल? तिसरी गोष्ट मात्र उलटी आहे आणि ती मला जास्त छळते. कदाचित दुसरं उत्तरच जास्त खरं असेल. अमेरिकेच्या व्याख्येत बेरोजगार म्हणवून घ्यायला मागच्या चार आठवड्यांत काहीतरी प्रत्यक्ष हालचाल लागते, म्हणजे अर्ज कर, कोणाला फोन कर असं काही, नुसत्या जाहिराती वाचल्या तर धरत नाहीत. पहिल्या खेपेला माणूस मोघम "हो शोधतोय" म्हणतो, मग प्रश्न ऐकता ऐकता त्याला कळतं की यांना "शोधणं" म्हणजे काय अभिप्रेत आहे आणि पुढच्या खेपेला तो त्याच मापाने उत्तर देतो. तेव्हा ७.५ खरा की ६.१, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. माझ्या लेखात पहिल्या खेपेचं उत्तर तेवढं शुद्ध आणि पुढची बिघडलेली असा सूर लागलाय, तो चुकला.

इथपर्यंत फक्त उत्तरं बदलल्याची गोष्ट झाली. वागणंही बदलतं का, यावर तुम्हाला हवा तसा पुरावा केनियात आहे, कारण तिथे कोणाला किती वेळा विचारायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. काही घरांना मुलांच्या जुलाबाबद्दल दर दोन आठवड्यांनी विचारलं, काहींना सहा महिन्यांतून एकदा. नेहमी विचारलेल्या घरांत पाण्यात क्लोरीन टाकणं वाढलं, आणि हे त्यांच्या तोंडचं धरलं नाही, घरातलं पाणी तपासून बघितलं. कोणी औषध शिकवलं नव्हतं, नुसतं "पोराला जुलाब झाले का" एवढंच दर पंधरवड्याला कोणीतरी येऊन विचारत होतं. शिवाय मूळ अभ्यास होता झऱ्याचं पाणी सुधारल्याने जुलाब कमी होतात का याचा, आणि वारंवार विचारण्यामुळे त्याच अंदाजात खोट आली. हे २०११ मध्ये छापून आलं. त्याच पेपरमध्ये छोट्या कर्जांबद्दलचे दोन प्रयोगही आहेत आणि तिथे विचारण्याने कर्ज घेण्यात काही फरक सापडला नाही, तेही सांगते, नाहीतर तुम्ही परत पकडाल.

मग हे आकडे फेकून द्यायचे का? नाही. समजा पहिल्या खेपेचा गट नेहमी अर्ध्या टक्क्याने जास्त दाखवतो. तो दर महिन्याला एक-अष्टमांश असतो, म्हणजे एकूण दर साधारण ०.०६ ने वर जातो, पण दर महिन्याला तेवढाच. त्यामुळे दर नेमका किती यावर वाद घाला, मागच्या महिन्यापेक्षा वाढला की घटला हे बऱ्यापैकी बरोबर येतं. गडबड होते ती गटांचं गणित बदललं की. नव्या गटाचा वाटा एक-अष्टमांशाऐवजी पाव झाला तर तोच अर्धा टक्का आता ०.१२ च्या वर जातो, आणि पेपरात मथळा येतो बेरोजगारी वाढली.

आपल्याकडचं म्हणाल तर पीएलएफएस, म्हणजे रोजगार-बेरोजगारी मोजणारा सरकारी सर्व्हे. २०१७ पासून शहरी घरांत दर तिमाहीला एक अशा चार भेटी व्हायच्या, जानेवारी २०२५ पासून ग्रामीण-शहरी दोन्हीकडे सलग चार महिन्यांत चार भेटी. म्हणजे आठवण ताजी असतानाच परत तोच माणूस दारात. तिथे कंडिशनिंग किती होतंय यावर मी काही दावा करत नाहीये, फक्त २०२४ आणि २०२५ चे आकडे एकाच रेषेवर ठेवून ग्राफ काढणाऱ्यांनी जरा थांबावं एवढंच म्हणते.

तुम्ही विचारलं नाहीत पण ओघात सांगते. पॅनल सर्व्हेचे जनक म्हणावेत असे लाझार्सफेल्ड यांना ही शंका पहिल्याच दिवशी आली होती. १९४० मध्ये ओहायोतल्या ईरी काउंटीत मतदारांच्या सहाशे जणांच्या पॅनलला निवडणुकीपर्यंत दर महिन्याला विचारलं, आणि बाजूला सहाशे-सहाशेचे तीन गट ठेवले ज्यांना मे महिन्यातल्या पहिल्या मुलाखतीनंतर फक्त एकदाच परत विचारायचं, म्हणजे पॅनल बिघडतंय का ते ताडता यावं. दुसरा स्वस्त उपाय म्हणजे हो-नाहीचे सगळे प्रश्न आधी एकदम विचारून घ्यायचे आणि तपशिलाची पानं नंतर उघडायची, म्हणजे निदान त्या बैठकीत तरी कुठल्या "हो" मागे काय दडलंय ते काकूंना कळत नाही.

तर शीर्षक: "प्रश्न विचारून बेरोजगारी कमी होते" काढून "बेरोजगारीच्या आकड्यात प्रश्नांचा वाटा किती" असं केलंय आणि गळतीवर एक परिच्छेद वाढवलाय. लेख परत वाचलात तर कळवा. अर्थात तुमची दुसरी खेप आहे हे मी लक्षात ठेवीन.