पैसे दिरहममध्ये दिले तरी भाव डॉलरमध्येच

डॉलर वधारला आणि रुपया घसरला की आपल्याला तेल महाग पडतं, अशी मी एक पोस्ट टाकली होती. त्यावर ही कमेंट आली:

"पोस्ट जुन्या काळात अडकलेली वाटली. सौदी-अमेरिका पेट्रोडॉलर करार 2024 लाच संपला. रशियाचं तेल आपण दिरहम नाहीतर रुपयात घेतोय. मग डॉलर वर गेला काय नि खाली आला काय, आपल्याला काय फरक? उगाच रुपयाच्या नावाने गळा काढायचा."

आधी कराराचं मिटवून टाकतो. "50 वर्षांचा करार संपला" हा मेसेज जून 2024 मध्ये मलाही तीन ग्रुपवर आला होता, पण तेल फक्त डॉलरमध्येच विकू असं बांधून घेणारा मुदतीचा करारच नव्हता तर संपेल काय. 1974 मध्ये दोन्ही देशांनी आर्थिक सहकार्याचा संयुक्त आयोग नेमला आणि सौदीने तेलाचा पैसा अमेरिकी कर्जरोख्यांत घालायला सुरुवात केली, एवढं खरं. उलट 1975 मध्ये तेल निर्यातदार देशांच्या ओपेक संघटनेने डॉलर सोडून एसडीआरमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अनेक चलनं मिळून बनलेल्या एककात, भाव ठरवायचं मान्यही केलं होतं, ते कागदावरच राहिलं. कारण साधं आहे, सगळ्यांना एकच मोजपट्टी हवी असते, आणि विकणाऱ्याला मिळालेला पैसा कुठेतरी मोठ्या बाजारात ठेवता आला पाहिजे. कोणी सक्ती करायला लागत नाही, एपीएमसीत सगळे क्विंटलवर बोलतात म्हणून नवा व्यापारीही क्विंटलवरच बोलतो, तसं.

आता तुमचा मुख्य मुद्दा. तुम्ही पैसे कशात दिले आणि भाव कशात ठरला या दोन गोष्टी एकत्र केल्यात. रशियन तेलाचा सौदा साधारण असा होतो की दुबई किंवा ब्रेंट, म्हणजे ज्यांच्या भावावरून बाकी तेलांचे भाव ठरतात त्या कच्च्या तेलांचा, जो भाव असेल त्यातून इतके डॉलर वजा. समजा दुबई 80 आहे, सूट 5 ची, म्हणजे बॅरल 75 डॉलरला पडलं. पैसे दिरहममध्ये द्यायचे तर 3.6725 ने गुणा, सुमारे 275 दिरहम. हा 3.6725 आकडा वर्षानुवर्षं हलत नाही कारण अमिरातीने दिरहम डॉलरला बांधून ठेवलाय. म्हणून डॉलर 83 चा 88 झाला की दिरहमही 22.60 वरून 23.96 वर जातो आणि तेच बॅरल 6225 ऐवजी 6600 ला पडतं. लिटरमागे दोन रुपये पस्तीस पैशांच्या आसपास, तेही नुसत्या कच्च्या तेलात, रिफायनरी आणि टॅक्स सोडून. दिरहम म्हणजे डॉलरच, फक्त वेगळ्या शर्टात.

आणि रुपयात दिले तर? 75 डॉलरचे त्या दिवशीच्या रेटने रुपये होणार, म्हणजे पुन्हा तेच. फरक तेव्हाच पडेल जेव्हा विकणारा "वर्षभर 6200 रुपये बॅरल, डॉलरचं काहीही होवो" असं लिहून देईल, पण मग रुपया घसरण्याची जोखीम त्याच्या अंगावर येते आणि तो ती भावात लावणारच, फुकट कोण घेतो. शिवाय त्या रुपयांचं तो करणार काय? मे 2023 मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव गोव्याला आले होते तेव्हा तेच म्हणाले, अब्जावधी रुपये भारतीय बँकांत पडलेत, वापरता येत नाहीयेत.

बरं, फरक पडतो की नाही हे बघायला 2011 ते 2014 बघा. 2011-12 मध्ये भारतीय बास्केटची, म्हणजे आपण घेतो त्या कच्च्या तेलांच्या मिश्र भावाची, सरासरी बॅरलला 111.89 डॉलर होती, 2013-14 मध्ये 105.52. म्हणजे तेल स्वस्त झालं ना? पण डॉलर त्याच काळात सरासरी 48 वरून साडेसाठवर गेला, त्यामुळे बॅरल 5,400 च्या खालून 6,380 च्या आसपास पोचलं. जगात तेल सहा टक्के उतरलं आणि आपल्याला जवळपास एकोणीस टक्के चढलं! डिझेलचं तर बघायलाच नको, जानेवारी 2013 पासून महिन्याला 50 पैसे भाव वाढवत सरकार तेल कंपन्यांचा स्वस्त डिझेल विकण्यातला तोटा भरून काढत होतं, मेपर्यंत लिटरमागचा तोटा चारेक रुपयांवर आणलाही होता, मग रुपया कोसळला आणि सप्टेंबरात तो 14 च्या वर. सहा-सात महिन्यांची 50-50 पैशांची मेहनत पाण्यात.

त्यात तेल कंपन्या रोज बाजारात डॉलर घ्यायला उतरतात, त्या मागणीनेच रुपया अजून दबतो. म्हणून 28 ऑगस्ट 2013 ला, रुपया 68.80 पर्यंत घसरला त्याच दिवशी, रिझर्व्ह बँकेने तीन सरकारी तेल कंपन्यांना डॉलर थेट द्यायची वेगळी खिडकी उघडली.

एक गोष्ट मात्र मान्य. डॉलर वधारला की बऱ्याचदा कच्चं तेल डॉलरमध्ये थोडं उतरतं, त्यामुळे झटका काही अंशी जिरतो, हे मी पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. पण त्या उतरण्यावर भिस्त ठेवू नका, 2022 च्या पहिल्या सहा महिन्यांत तेल आणि डॉलर दोन्ही एकदमच वर गेले होते. मूळ पोस्टमध्ये तेवढी ओळ आज टाकतो.