आधी मागून की आधी पुढे? डॅशकॅमची क्लिप काय सांगते, काय सांगत नाही

«गाडीत डॅशकॅम असला की इन्शुरन्सचं टेन्शन संपलं. क्लिपवर वेळ आणि स्पीड छापूनच येतात. ठोकर झाली की तेवढी ३० सेकंदं कापा, सर्व्हेयरला व्हॉट्सॲप करा. कोण चुकला ते स्क्रीनवर दिसतंच, पंचनामा वगैरेच्या भानगडीत पडायची गरज नाही. सगळ्यांना पाठवा.»

असे मेसेज फिरत असतात. यातली डॅशकॅम लावण्याची सूचना तेवढी घ्यावी. बाकीचं तपासायला एक उदाहरण घेऊ, कारण असा अपघात गोव्याच्या रस्त्यांवर नवा नाही. राष्ट्रीय महामार्ग ७४८ वर म्हार्दोळकडून कुंडईकडे एक कार चालली आहे. डावीकडच्या वाटेवरून एक स्कूटर रस्त्यावर येते, कारवाला ब्रेक दाबतो. मागे दुसरी कार आहे. शेवटी तिन्ही वाहनं एकमेकांना लागलेली. पुढच्या कारवाल्याचं म्हणणं, ‘मी थांबतच होतो, मागच्याने ढकललं म्हणून स्कूटरला लागलं.’ मागचा म्हणतो, ‘यानेच आधी स्कूटरला ठोकलं आणि जागच्या जागी थांबला, मग मी आदळलो.’ डॅशकॅम फक्त पुढच्या कारमध्ये आहे, तोही समोर बघणारा. मागची कार त्यात दिसतच नाही.

आधी छापलेल्या स्पीडचं बघू. तो आकडा गाडीच्या मीटरवरून येत नाही, कॅमेऱ्यातल्या जीपीएसवरून येतो. बहुतेक कॅमेऱ्यांत तो सेकंदाला एकदाच बदलतो, आणि उड्या मारू नये म्हणून आधीच्या नोंदींशी सरासरी काढून गुळगुळीत केलेला असतो. एका वेगाने गाडी चालली असेल तेव्हा तो बराच बरोबर असतो. जोरात ब्रेक लागला की मात्र एक-दीड सेकंद मागे राहतो, आणि अपघाताचा सगळा खेळ नेमका त्या एक-दीड सेकंदातच होतो. आपल्या उदाहरणात पहिला धक्का बसतो त्या फ्रेमवर ४३ छापलेलं आहे. गाडीचा खरा वेग तेव्हा साधारण १३ आहे. हा १३ कुठून आला?

रस्त्यावरच्या तुटक पांढऱ्या पट्ट्यांवरून. एका पट्टीच्या सुरुवातीपासून पुढच्या पट्टीच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर जागेवर जाऊन टेपने मोजायचं. नियमावलीतलं अंतर गृहीत धरू नये. हॉटमिक्सचा नवा थर पडला की पट्ट्या पुन्हा मारताना अंतर बदलू शकतं. इथे ते ९ मीटर भरलं. मग फुटेज एक-एक फ्रेम पुढे सरकवत, प्रत्येक पट्टीची सुरुवात बॉनेटच्या कडेखाली नाहीशी होते ती फ्रेम टिपून ठेवायची. प्रत्येक वेळी चित्रातली तीच एक जागा धरल्यामुळे वाइड लेन्सने चित्र वाकवलं तरी हिशेबात फरक पडत नाही. नुसत्या डोळ्यांनी ‘स्कूटर बरीच लांब होती’ असं म्हणणारा इथेच फसतो, कारण ही लेन्स समोरचं सगळं आहे त्याहून लांब दाखवते.

पहिल्या दोन अंतरांना १८-१८ फ्रेम लागल्या. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर ०.६ सेकंदात ९ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. पुढच्या अंतराला २० फ्रेम आणि त्यापुढच्याला ३०, म्हणजे ब्रेक लागलेला आहे. या दोन टप्प्यांचे सरासरी वेग ४८ आणि ३२ च्या आसपास येतात. यावरून वेग दर सेकंदाला किती उतरतोय ते निघतं, आणि शेवटची पट्टी ओलांडताना गाडी ताशी २३ च्या जवळ होती हेही. त्यानंतर अर्ध्या सेकंदाने धक्का बसतो, तोवर ब्रेकने वेग १३ वर आणलेला असतो. स्कूटरवाल्याच्या वकिलाला मात्र स्क्रीनवरचा ४३ आयता मिळतो, आणि कारवाल्यानेच तो पाठवलेला असतो.

३० फ्रेम हा आकडाही तपासूनच घ्यावा. काही कॅमेरे अंधुक उजेडात फ्रेम कमी करतात, तरी फाइलवर ३० च लिहिलेलं असतं. मूळ फाइलवर FFmpeg या मोफत सॉफ्टवेअरमधली ही कमांड चालवली की प्रत्येक फ्रेमची वेळ एकाखाली एक मिळते:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries frame=best_effort_timestamp_time -of csv=p=0 FILE.MP4
```

दोन ओळींतला फरक सगळीकडे ०.०३३ च्या आसपास असेल तर फ्रेम मोजून काढलेला वेळ भरवशाचा. मध्येच ०.०६६ दिसलं तर तिथे एक फ्रेम गळालेली आहे, तिची भर घालायची.

कापून व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या क्लिपवर मात्र हा हिशेब उभाच राहत नाही. व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो नव्याने दाबून लहान करतं. पट्टीची कड बॉनेटच्या सावलीत मिसळते आणि फाइलमधली जीपीएसची माहिती जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर फाइल जशीच्या तशी जाते, पण कार्डावरून सरळ पेनड्राइव्हवर उतरवून देणं सगळ्यात बरं. सोबत तिच्या आधीची आणि नंतरची फाइलही द्यावी. कॅमेरा एक किंवा तीन मिनिटांचे तुकडे करतो आणि दोन तुकड्यांच्या मध्ये क्षणभराची फट राहू शकते. धडक तुकड्याच्या टोकाला असेल तर फट कुठे आहे हे दाखवावंच लागतं, नाहीतर समोरचा म्हणणार की तेवढंच कापलं.

धडकेनंतर आधी कॅमेऱ्याची वायर काढायची, तो बंद झाला की मग कार्ड. रेकॉर्डिंग चालू असताना कार्ड ओढलं तर शेवटची फाइल अर्धवट राहते आणि उघडतच नाही. हवी असते ती नेमकी तीच. आणि इग्निशन चालू ठेवून तासभर पोलिसांची वाट बघितली तर कॅमेरा नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढवत राहतो. धक्क्याने लॉक झालेल्या फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जातात हे खरं, पण ते फोल्डर भरलं की काही कॅमेरे त्यातलीही जुनी पुसतात. खड्ड्यात गाडी आदळली तरी लॉक होते, म्हणजे आपल्याकडे ते भरायला वेळ लागत नाही.

आता ‘दिसतंच’ याकडे येऊ. स्कूटर लागलेली दिसते, पण भांडण आहे ते त्याआधीच्या अर्ध्या सेकंदाचं. मागची धडक समोरच्या कॅमेऱ्यात दिसत नसली तरी चित्रावर तिचा ठसा उमटतो. ब्रेक लागला की गाडीचं नाक खाली जातं, कॅमेरा जमिनीकडे झुकतो आणि समोरची झाडं-छपरं चित्रात वर सरकतात. मागून धडक बसली की नाक उचलतं आणि तीच छपरं एका-दोन फ्रेममध्ये झटक्याने खाली येतात. पुढून धडक बसली तर हे उलट होतं. दुसरी खूण डॅशबोर्डवर पडलेल्या पार्किंगच्या पावतीची. तिचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं. ब्रेकच्या वेळी पावती काचेकडे सरकून टेकते. मागून धक्का बसला की सीटकडे उडते. स्कूटर लागली की परत काचेकडे. आपल्या उदाहरणात शेवटच्या पट्टीनंतर १५ व्या फ्रेमला छपरं खाली येतात आणि पावती मागे उडते. ३० व्या फ्रेमला स्कूटर लागते आणि पावती पुढे येते. मधे अर्धा सेकंद.

आवाजाचे दोन ठोकेही तिथेच हवेत. पण ध्वनी आणि चित्र कॅमेऱ्यातच काही फ्रेमनी मागेपुढे असू शकतात. ते तपासायला त्याच कॅमेऱ्यासमोर बॉनेटवर हाताने थाप मारून रेकॉर्ड करायचं आणि हात टेकल्याची फ्रेम व आवाजाची फ्रेम यांतला फरक बघायचा. तो फरक वजा केल्याशिवाय आवाजाचा क्रम पुरावा म्हणून मांडू नये. मागच्या बंपरपासून माइकपर्यंत आवाज यायला लागणारा वेळ अर्ध्या फ्रेमहूनही कमी, त्याची काळजी नको.

मग अंतराचा प्रश्न: ढकललं नसतं तर गाडी थांबली असती का? ब्रेकचा जोर तसाच राहिला असता तर शेवटच्या पट्टीच्या क्षणापासून ती ३.७ मीटरमध्ये थांबायला हवी होती, आणि बंपरपासून स्कूटर ६ मीटरवर होती. इथे खूश होऊन थांबू नये. फ्रेम टिपण्यात एकेका फ्रेमची चूक उलटसुलट धरली तर ३.७ चे ६.२ होतात. म्हणजे हा हिशेब एकटा काही सिद्ध करत नाही. सिद्ध करतो तो धक्क्यानंतरचा वेग. १५ व्या फ्रेमपर्यंत गाडी अडीच मीटर सरकली होती. रस्त्याकडेच्या गटारावरच्या लादीच्या सांध्यावरून ते मोजता येतं. उरलेले साडेतीन मीटर तिने पुढच्या १५ फ्रेममध्ये काटले, म्हणजे ताशी २५. वेग १३ वरून २५ झाला. ब्रेकवरचा पाय सुटला असता तरी सपाट रस्त्यावर अर्ध्या सेकंदात वेग दुप्पट होत नाही, आणि आधी स्कूटर लागली असती तर तो घटला असता.

या मोजणीत एक जागा हमखास चुकते. बॉनेटच्या कडेखाली पट्टी नाहीशी होते तेव्हा ती बंपरखाली गेलेली नसते, अजून काही मीटर पुढे असते. गाडी सपाट जागी उभी करून, खडूची रेघ कडेला नेमकी टेकेल अशी आखायची आणि बंपरपासूनचं अंतर मोजायचं. ते वजा केलं नाही तर गाडी आहे त्याहून तेवढी पुढे धरली जाते, आणि स्कूटर मागच्या धक्क्याआधीच लागल्यासारखी दिसते. कॅमेरा काढण्याआधी आणि बॉनेट दुरुस्तीला जाण्याआधी हे मोजून घ्यावं.

पंचनाम्याचं म्हणाल तर वरचे ६ मीटर आले कुठून? स्कूटर लागली ती जागा रस्त्यावरच्या ओरखड्याची सुरुवात आणि फुटलेल्या इंडिकेटरच्या काचा यांवरून ठरते, आणि पोलिसांच्या स्थळ-पंचनाम्यात ती एखाद्या विजेच्या खांबापासून मोजून लिहिलेली असते. जूनमधल्या एका सरीने काचा गटारात जातात, मग फुटेज कितीही स्वच्छ असलं तरी अंतर मोजायला दुसरं टोक उरत नाही. शिवाय कोणी जखमी झालं असेल तर पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकावर बंधनकारकच आहे.

कोणता क्लेम आहे तेही बघावं. स्वतःच्या गाडीच्या ओन डॅमेज क्लेममध्ये चूक कोणाची यावर सहसा पैसे अडत नाहीत. सर्व्हेयरला एवढंच हवं असतं की झालेलं नुकसान सांगितलेल्या घटनेशी जुळतं का. इथे पुढचा आणि मागचा असे दोन्ही बंपर एकाच क्लेममध्ये येतात, म्हणून दोन धक्क्यांचा क्रम लिहून फ्रेम नंबरसकट दिला तर ‘मागचं आधीचंच आहे’ ही शंका उरत नाही. क्रमाचा खरा कस लागतो तो जखमी स्कूटरस्वार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेल्यावर, कारण भरपाई कोणत्या गाडीच्या विमा कंपनीने किती द्यायची ते तिथे ठरतं. तिथे फुटेजच्या प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिच्या ओळखीचा आकडा, लिहावा लागतो. विंडोजवर तो असा निघतो:

```
certutil -hashfile FILE.MP4 SHA256
```

कार्डाची बारीक कळ लॉककडे सरकवून, मायक्रोएसडी असेल तर तशी कळ असलेल्या ॲडॉप्टरमध्ये घालून, फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडण्याआधी हा आकडा काढायचा आणि कार्ड पाकिटात बंद करून त्यावर तारीख, वेळ, सही घालायची. कॅमेऱ्याचं घड्याळ पुढेमागे असेल तर ते नीट लावण्याआधी मोबाइलच्या घड्याळाशेजारी धरून एक फोटो काढावा. फरक फोटोत दिसला की पंचनाम्यातली वेळ आणि क्लिपवरची वेळ जुळवता येते. घड्याळ आधीच बरोबर केलं तर तो फरक किती होता हे नंतर कोणालाच दाखवता येत नाही.