ढग आपटल्याने गडगडत नाही

"ढगावर ढग आपटला की गडगडतं, आणि आवाज ऐकू आला म्हणजे वीज पडून गेली, आता भीती नाही."

ढग म्हणजे पाण्याचे थेंब आणि बर्फाचे कण. ते आपटून कसला आवाज होणार? टक्कर होते ती ढगाच्या आत. उंचावर, शून्याखालच्या थंडीत, छोट्या गारा आणि हलके हिमकण एकमेकांवर घासतात. गारांवर बहुतेकदा ऋण विद्युतभार येतो, त्या खाली राहतात. धन भाराचे हिमकण वर जातात. या दोन भारांमधला ताण असह्य झाला की वीज कडाडते. तिच्या वाटेतली हवा क्षणात सुमारे 30,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापून स्फोटासारखी फुगते. तोच गडगडाट.

प्रकाश तत्काळ पोचतो, आवाजाला किलोमीटरमागे साधारण 3 सेकंद लागतात. यावलच्या केळीच्या बागेतून सातपुड्यावर वीज दिसली आणि 9 सेकंदांनी आवाज आला, तर ती 3 किलोमीटरवर होती. तिची वाट काही किलोमीटर लांब असते. जवळच्या टोकाचा आवाज आधी, लांबचा मागाहून, म्हणून गडगड रेंगाळते.

पुढची वीज मात्र 10 किलोमीटर सरकूनही पडू शकते. आवाज येतोय तोवर तुम्ही टप्प्यातच आहात. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं पक्क्या घरातच थांबा, निंबाखाली नको.