खुलासा: पंधराव्या वर्षी जमीन शून्य होत नाही

प्रकल्प परवडतो का याचा हिशेब करताना असं सांगितलं जातं: ‘महापेचा प्रकल्प १५ वर्षांचा, म्हणून शेवटी जमीन-इमारत शून्य धरा.’

हे चूक आहे. समजा जमीन २ कोटींची, इमारत ३ कोटींची आणि इमारतीचं आयुष्य ३० वर्षं. दरवर्षी सारखा घसारा धरला, तर पंधराव्या वर्षी इमारतीचे दीड कोटी उरतात. जमिनीला घसारा नाही. भाव वाढला नाही तरी तिचे २ कोटी धरा. हे साडेतीन कोटी शेवटच्या वर्षाची आवक आहेत. वर्षाला १२ टक्के परताव्याच्या दराने त्यांचं आजचं मूल्य सुमारे ६४ लाख.

भाववाढ जरूर धरा, पण बाकीचे आकडे आजच्या भावाने असतील तर महागाईपेक्षा जास्त झालेली वाढच. शिवाय महापेसारख्या ठिकाणी एमआयडीसीचा भूखंड मालकीचा नसतो, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. उरलेली मुदत पाहा, हस्तांतरण शुल्क वजा करा.