तीन तोंडांच्या महालक्ष्म्या

लातूरला आमचं साड्यांचं दुकान. दुकान मालकांचं, पण सणाच्या पोस्टी लिहिणार आम्ही तिघं: मी, काउंटरवरचा बालाजी आणि हिशेबाच्या सुनीताताई. महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी ताईंची पोस्ट पडली, ‘सर्व ग्राहकांस कळविण्यात येते की, गौरी आवाहनानिमित्त...’ जेवणाच्या दिवशी बालाजीची चारोळी आली, तिला अकरा फुलं चिकटवलेली. उठवायच्या दिवशी मी लिहिलं, ‘काय मावशी, साडी घेतली का नाही?’

मालक म्हणाले, “एका दुकानात तीन दुकानं चालवायलाव का रे?”

म्हणून मी नियमावली केली. ‘भाषा आपुलकीची, उत्साही पण साधी असावी.’ तिघांनाही ती जाम पटली, आणि दिवाळीत पुन्हा तोच तमाशा झाला. ताईंच्या लेखी ‘आपल्या सेवेस सादर’ हीच आपुलकी. बालाजीचा उत्साह उद्गारचिन्हांत मोजावा लागतो. विशेषणाशी कुणाचं भांडण नसतं, तिथंच घात होतो.

मग तो कागद फाडला आणि आमच्याच जुन्या पोस्टी घेऊन दोन रकाने आखले: ‘असं लिहा’ आणि ‘असं नको’. गिऱ्हाइकाला ‘तुम्ही’ म्हणायचं, ‘आपण’ही नको आणि ‘मावशी’ही नको (हे माझ्यासाठी). पोस्टभर चित्र एकच. आधी सण, सूट शेवटच्या ओळीत. गौरी नाही, महालक्ष्म्या. वेळा अमावस्या नाही, येळवस. घरात जो शब्द, तोच पोस्टीत. ताईंचं ‘कळविण्यात येते की’ ‘असं नको’च्या रकान्यात गेलं, शेजारी ‘असं लिहा’त लिहिलं, ‘महालक्ष्म्यांच्या साड्या आल्यात. सवाष्णीला द्यायच्या वेगळ्या लावल्यात.’ ताई दोन दिवस बोलल्या नाहीत.

बालाजीनं मात्र नेमकं विचारलं, “सतरा सप्टेंबरला काय करायचं?” मराठवाडा मुक्तिदिनाला साडीवर सूट? तेव्हा कळलं की बोलणारा माणूस तोच राहिला तरी सूर प्रसंगानं बदलतो. लग्नात बोलतो तसं झेंड्याखाली कोण बोलतं? म्हणून खाली एक ओळ वाढवली: १७ सप्टेंबरला फक्त अभिवादन, चित्र नाही, सूट नाही. याहून जास्त काही लिहिलं नाही. कागद पानभराचा झाला की भिंतीवर डकवता येतो, दहा पानांचा झाला की कपाटात जातो.

आता येळवसच्या आधी परीक्षा झाली. तिघांनी आपापली पोस्ट लिहायची, नावं झाकायची आणि मालकांनी ओळखायचं कोणाची कुठली. ओळखता आली तर कागद फसला. भज्जी आणि आंबिलीवरच्या तीन पोस्टी मालकांनी दोनदा वाचल्या. तिन्ही चुकले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्या खुशीत संक्रांतीची पोस्ट मालकांनी स्वतःच टाकली: ‘आपणांस व आपल्या परिवारास!!!’, पुढं सात पतंग, आणि सूट पहिल्याच ओळीत. सांगणार कोण? ताईंनी ती गुपचूप ‘असं नको’च्या रकान्यात उतरवली, नाव न घालता.

मालकांनी परवा भिंतीवरचा कागद वाचला आणि हसून म्हणाले, “हे बालाजीचंच असणार.”