बोर्ड आडवाच ठेवलात, म्हणून उंची हातची गेली

वाचकाची प्रतिक्रिया: "तुमचा लेख वाचून रोबोशेजारी स्टँडवर लावलेल्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन केलं, म्हणजे रोबोच्या हिशोबात कॅमेरा कुठे आहे ते काढलं. बुद्धिबळाच्या पटासारखा बोर्ड ग्रिपरमध्ये धरला, तोंड वर, आणि शेवटचा सांधा J6 फिरवत टेबलभर 20 पोझ घेतल्या. रिप्रोजेक्शन एरर 0.2 पिक्सेल. तरी ग्रिपर प्रत्येक वस्तूवर 18 मिमी जास्त खाली जातो! त्यापेक्षा टेबलावरच्या चार बिंदूंना रोबोचं टोक लावून आमचं काम दहा मिनिटांत व्हायचं. मग हा खटाटोप कशाला?"

आधी माझी चूक कबूल करतो. लेखात मी "वेगवेगळ्या पोझ घ्या" एवढंच लिहिलं. वेगवेगळ्या म्हणजे कशा, हे सांगायचं राहिलं. तुम्ही जागा बदलल्या, बोर्ड फिरवला, पण तो एकदाही कलला नाही. तुमच्या 18 मिमीचं मूळ तिथेच असावं, कारण बाकी दोन दिशांत चूक आहे अशी तुमची तक्रार दिसत नाही.

कारण असं. आपल्याला हवा असतो रोबोच्या बेसच्या हिशोबात कॅमेरा कुठे आहे, तो X. रोबोच्या दोन पोझमधली हालचाल A आणि कॅमेऱ्याला दिसलेली त्याच बोर्डाची हालचाल B, यांतून AX = XB सोडवायचं असतं. त्यातला सरकण्याचा भाग असा, R म्हणजे फिरणं आणि t म्हणजे सरकणं:

```
(R_A - I) t_X = R_X t_B - t_A
```

फक्त J6 फिरला आणि ग्रिपर सरळ खाली असला, की प्रत्येक R_A हे उभ्या अक्षाभोवतीचंच फिरणं असतं. उभ्या दिशेचा सदिश अशा फिरण्यात हलत नाही, म्हणून डावीकडे उंचीचा गुणक शून्य होतो. थोडक्यात, कॅमेरा एक मीटरवर असो की दीड, समीकरणाला फरक कळत नाही. मग उत्तर तरी कसं आलं? फिरण्याचा अक्ष दर पोझमध्ये अगदी तंतोतंत उभा नसतो, मोजमापात थोडा गोंगाट असतो. त्या कचऱ्यातून सॉल्व्हर काहीतरी उंची उचलून देतो आणि कुरकुरही करत नाही.

हे पडताळायला रोबो हलवायचीही गरज नाही. तुमच्या 20 पोझचे 10-10 असे दोन गट करून दोनदा सोडवा. माझ्या टेबलावर मी मुद्दाम तुमच्यासारखं करून पाहिलं: एका गटाने कॅमेऱ्याची उंची 1012 मिमी दिली, दुसऱ्याने 987. नंतर प्रत्येक पोझमध्ये मनगट 20 ते 30 अंश कलवलं, कधी पुढे-मागे, कधी डावी-उजवीकडे. आता दोन गटांत फरक अर्ध्या मिलिमीटरचा राहिला. दोन्ही दिशांना कलवणं महत्त्वाचं. शिवाय बोर्ड कॅमेऱ्याला अगदी समोरून दिसला, की त्याचा छोटा कल ओळखणं अवघडच जातं. तिरपा बोर्ड तिथेही मदतच करतो.

0.2 पिक्सेलबद्दल. तो आकडा सांगतो की लेन्सचं मॉडेल आणि बोर्डाचे कोपरे एकमेकांशी जुळतात. रोबोचा त्यात पत्ताच नसतो. एवढंच काय, प्रिंटरने "फिट टू पेज" करून 30 मिमीचा चौकोन 29.1 चा केला, तरी रिप्रोजेक्शन एरर तितकाच छान येतो. कॅमेरा मात्र 776 मिमीवरचा बोर्ड 800 वर आहे असं सांगतो. (व्हर्नियर लावून एक चौकोन नव्हे, अख्खी ओळ मोजा आणि चौकोनांच्या संख्येने भागा.)

त्याऐवजी ही तपासणी करा. बोर्ड ग्रिपरला घट्ट आहे, म्हणजे ग्रिपरपासून बोर्डाचं अंतर सगळ्या पोझमध्ये एकच निघायला हवं. खाली b म्हणजे बेस, g ग्रिपर, c कॅमेरा आणि t बोर्ड:

```
T_g_t = inv(T_b_g) @ T_b_c @ T_c_t
```

कॅलिब्रेशनमध्ये न वापरलेल्या तीन-चार कललेल्या पोझवर हे काढा. उत्तरं मिलिमीटरभर पसरली तर ठीक. पाच-सात मिमी पसरली तर अजून काहीतरी चुकतंय. बोर्डाचा आकार चुकला असेल तर तोही इथे पकडला जातो, कारण रोबोचे मिलिमीटर खरे असतात.

एक सापळा राहिलाच. कॅमेरा स्टँडवर असताना OpenCV च्या `calibrateHandEye` ला ग्रिपरची पोझ उलटी करून द्यायची असते. `R_gripper2base` च्या जागी बेस-ते-ग्रिपर, आणि उत्तर मिळतं कॅमेरा-ते-बेस. तुमचं x-y जुळतंय, म्हणजे हे तुम्ही बरोबर केलेलं दिसतं.

चार बिंदूंची तुमची पद्धत मी मोडीत काढत नाही. सगळ्या वस्तू एकाच उंचीच्या असतील तर ती उत्तम, कदाचित अधिक अचूकही. टोकाचा TCP, म्हणजे टोक ग्रिपरच्या हिशोबात नेमकं कुठे आहे ते, तेवढा नीट शिकवलेला हवा. स्कारासारख्या चार अक्षांच्या रोबोला तर मनगट कलवताच येत नाही, तिथे उंची टोक लावूनच घ्यावी लागते. पण तुमच्या टेबलावर पातळ वॉशर आणि 90 मिमी उंचीचा पाइप एकत्र येत असतील, तर एका सपाटीचा हिशोब पाइपाच्या माथ्यावर चुकणार, आणि कॅमेऱ्याच्या मध्यापासून दूर जाल तसा जास्तच.

आधी ते 10-10 करून पाहा. दोन्ही उंच्या जुळल्या, तर माझं निदान चुकलं असं समजा, मग तुमचा TCP बघू.